पाचशेच्या मागे लागून थांबलेलं खातं

(जळगावात अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षाच्या मुलामुलींसमोर दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

मित्रांनो, प्लेसमेंटचे दिवस आले की माझ्याकडे एक तक्रार हमखास येते: "मॅडम, लिंक्डइनने माझ्या विनंत्या बंद केल्या. मी तर काहीच चुकीचं केलं नाही." आज आपण एवढ्याच गोष्टीबद्दल बोलू.

चोपडा तालुक्यातल्या एका मुलाचं उदाहरण सांगते. मेकॅनिकलचा विद्यार्थी, मार्क चांगले, जळगाव एमआयडीसीतल्या पाइपच्या कारखान्यात इंटर्नशिप केलेली. कुणीतरी त्याला सांगितलं की पाचशे कनेक्शन झाल्याशिवाय एचआरवाले प्रोफाइल बघतच नाहीत. पाचशेच्या पुढे गेलं की प्रोफाइलवर नेमका आकडा न दिसता `500+` दिसतं, हे खरं. त्यामुळे मुलांना तो आकडा म्हणजे पात्रतेची अट वाटते. तशी अट कुठेही नाही.

हा मुलगा रोज रात्री जेवण झालं की मोबाइल घेऊन बसायचा आणि `My Network` मध्ये सुचवलेल्या माणसांच्या नावाखालचं `Connect` दाबत जायचा. त्या यादीतलं बटण दाबलं की विनंती लगेच जाते, चिठ्ठी लिहायची का हेही विचारलं जात नाही. पुण्या-चाकणच्या कंपन्यांमधले एचआर, मॅनेजर, संचालक अशी त्याला पूर्ण अनोळखी असलेली माणसं एकापाठोपाठ एक निवडली गेली. दोन-तीन आठवडे हे चाललं. मग एके दिवशी पडद्यावर सूचना आली की तुमच्या विनंत्या पाठवण्यावर निर्बंध आहे.

विनंती मिळालेल्या माणसाच्या बाजूने हे कसं दिसतं ते बघा. पुण्यातल्या एखाद्या एचआर बाईंना रोज अशा ढीगभर विनंत्या येतात. त्यांच्यापुढे तीन वाटा असतात. `Accept` करायचं, `Ignore` करायचं किंवा तशीच पडू द्यायची. `Ignore` केल्यावर त्यांना आणखी एक पर्याय मिळतो: या व्यक्तीला मी ओळखत नाही. तुम्हाला यातलं काहीच कळत नाही. नकाराची सूचना पाठवणाऱ्याकडे येत नाही, म्हणून मुलांना वाटतं की उत्तर यायचं बाकी आहे. पण लिंक्डइनकडे सगळी नोंद असते. थोड्या वेळात खूप विनंत्या गेल्या आणि त्यातल्या बऱ्याच दुर्लक्षित राहिल्या, नुसत्या पडून राहिल्या किंवा स्पॅम ठरल्या, तर निर्बंध येतो. म्हणजे आकडा आणि प्रतिसाद दोन्ही मोजले जातात.

इथे आणखी एक सूचना वेगळी ओळखा. आठवड्याची मर्यादा संपली, असा संदेश येतो तो प्रत्येकासाठी असलेल्या मर्यादेचा. लिंक्डइन तो आकडा ठामपणे जाहीर करत नाही. वापरणाऱ्यांच्या अनुभवात तो आठवड्याला साधारण १००च्या आसपास असतो. तो संपला तर पुढचा आठवडा उजाडेपर्यंत थांबायचं, एवढंच. निर्बंधाची सूचना मात्र तुमच्या वागण्याबद्दल आहे. ती आली तर पद्धत बदलावी लागते.

आता उपाय. बहुतेक वेळा पहिला निर्बंध आठवडाभरात आपोआप उठतो. मदत केंद्राला लिहून तो लवकर उठवून घेता येत नाही, म्हणून विनवण्यांची पत्रं लिहीत बसू नका. दुसरं खातं तर अजिबात उघडू नका. एका माणसाचं एकच खातं हा तिथला नियम आहे आणि तो मोडला तर मूळ खात्यालाही धोका होतो. ब्राउझरमध्ये आपोआप विनंत्या पाठवणारं एखादं एक्स्टेन्शन टाकलं असेल तर ते आधी काढा. अशा साधनांना तिथे मनाई आहे.

मग जुन्या विनंत्यांकडे वळा. `My Network` मध्ये जाऊन `Manage` उघडा, त्यात `Sent` दिसेल. त्या मुलाने माझ्यासमोर ही यादी उघडली तेव्हा तो स्वतःच गप्प झाला. बोट वर सरकवत गेला तरी नावं संपेनात आणि त्यातल्या कुणालाही विनंती का पाठवली ते त्याला सांगता येईना. तुमचंही तेच होत असेल तर ती नावं परत घेण्याच्याच लायकीची आहेत. सगळ्यात जुन्यापासून सुरुवात करा आणि `Withdraw` दाबा. समोरच्याला त्याची सूचना जात नाही. दोन गोष्टी मात्र लक्षात असू द्या: मागे घेतलेल्या माणसाला साधारण तीन आठवडे पुन्हा विनंती पाठवता येत नाही, आणि यादी साफ केली म्हणून निर्बंध लवकर उठत नाही. साफ यादीचा उपयोग पुढे होतो, तुमची खरी कामाची विनंती कुणाकडे पडून आहे ते दिसतं.

निर्बंध उठल्यावर कुणाला पाठवायचं? या मुलाकडून सगळ्यात मोठी गोष्ट इथे सुटली होती, आणि मला तिची खरंच हळहळ वाटते. त्याच्याच कॉलेजची आधीच्या बॅचची मुलं चाकणला, नाशिकला नोकरी करत होती आणि त्यातल्या एकालाही त्याने विचारलं नव्हतं. आपल्या कॉलेजच्या लिंक्डइन पानावर `Alumni` हा भाग असतो. तिथे माजी विद्यार्थी कुठे राहतात, कुठे काम करतात यावरून गाळून बघता येतं. आम्ही दोघांनी ते केलं. त्याच्याच शाखेचे, दोन-तीन वर्षं पुढे असलेले मोजके सीनियर निवडले.

चिठ्ठी लिहायची तर जागा थोडी असते. फुकटच्या खात्यात साधारण २०० अक्षरं, आणि महिन्याला अशा चिठ्ठ्याही मोजक्याच मिळतात. त्यामुळे "नोकरी असेल तर कळवा" यात ती जागा घालवू नका. त्याने लिहिलेली चिठ्ठी अशी होती: "दादा, मी आपल्याच कॉलेजचा, मेकॅनिकल शेवटचं वर्ष. मूळ चोपड्याचा. तुमच्या प्लांटमध्ये मेंटेनन्सला नवीन मुलांकडून काय अपेक्षा असते, हे विचारायचं होतं." वाचणाऱ्याला त्यात माणूस दिसतो, गाव दिसतं आणि दोन मिनिटांत उत्तर देता येईल असा प्रश्नही सापडतो. आणि ही चिठ्ठी लिहिण्यासाठी यादीतून नाही, त्या माणसाच्या प्रोफाइलवर जाऊन विनंती पाठवा. तिथे कधी `Follow` समोर असतं आणि `Connect` हे `More` मध्ये दडलेलं असतं, ते शोधा.

मोठ्या पदावरच्या माणसांना आधी नुसतं `Follow` करा. त्याला परवानगी लागत नाही आणि त्यांचं लिखाण समोर येत राहतं. त्यावर कामाचं काही बोलता आलं तर बोला. नाव ओळखीचं झाल्यावर गेलेली विनंती वेगळी वाचली जाते.

शेवटी तुमच्यातल्या एका मुलीने विचारलेला प्रश्न घेते: "पैसे भरून प्रीमियम घेतलं तर निर्बंध सुटेल का?" नाही. प्रीमियममध्ये चिठ्ठी लांब लिहिता येते, अनोळखी माणसाला थेट संदेश पाठवायची सोय मिळते, पण विनंत्यांवरचा निर्बंध त्याने उठत नाही. शिवाय पुन्हा तेच केलं तर पुढचा निर्बंध जास्त दिवसांचा असू शकतो. ते पैसे खिशात राहू द्या आणि तुमच्या विभागप्रमुखांकडे मागच्या तीन बॅचच्या मुलांची यादी मागा.