क्लोज कळतो केव्हा, आणि सौदा होतो केव्हा?

आज एकच नियम घेऊ आणि तो जुन्या भावांवर चालवून पाहताना, म्हणजे बॅकटेस्ट करताना, काय चुकतं ते पाहू. रोजच्या कॅन्डलवर 20 दिवसांची मूव्हिंग अ‍ॅव्हरेज 50 दिवसांच्या वर गेली की शेअर घ्यायचा, खाली आली की विकायचा. शॉर्ट नाही, मार्जिन नाही. नियम इतका साधा आहे की चूक होईल असं वाटतच नाही, आणि नेमकी इथेच होते.

समजा मंगळवारी शेअर 1400 ला बंद झाला आणि बुधवारी 1442 ला. त्या तीन टक्क्यांच्या उडीमुळेच बुधवारी क्रॉसओव्हर झाला. आता बुधवारच्या सिग्नलला बुधवारचाच परतावा जोडला, तर ते तीन टक्के तुमच्या खात्यात फुकट जमा होतात. वरचा क्रॉसओव्हर बहुतेक वेळा चढत्या दिवशी होतो आणि खालचा उतरत्या दिवशी, त्यामुळे ही चूक जवळपास प्रत्येक सौद्यात तुमच्याच बाजूने पडते. इक्विटी कर्व्ह, म्हणजे भांडवलाचा आलेख, जिन्यासारखा सरळ वर चढताना दिसला, तर आधी इथे शंका घ्या.

क्लोजवरच खरेदी केली असं धरलं तरी अडचण उरते. एनएसईच्या इतक्या वर्षांच्या कॅश डेटामधला क्लोज म्हणजे शेवटच्या सौद्याचा भाव नव्हे. तो 3:00 ते 3:30 या अर्ध्या तासातल्या सौद्यांची भारित सरासरी असतो. म्हणजे तो आकडा बाजार बंद झाल्यावरच पक्का होतो. म्हणून सिग्नल आजच्या क्लोजवर काढायचा आणि सौदा उद्याच्या ओपनला धरायचा.

```python
sma20 = close.rolling(20).mean()
sma50 = close.rolling(50).mean()
signal = (sma20 > sma50).astype(int)
position = signal.shift(1)
ret = position * (open_.shift(-1) / open_ - 1)
```

शेवटच्या ओळीतला `shift(-1)` पाहून काहींच्या भुवया उंचावतील. तो उद्याचा भाव वापरतो खरा, पण फक्त आजच्या ओपनपासून उद्याच्या ओपनपर्यंत काय मिळालं हे मोजायला. घ्यायचं की नाही हा निर्णय `position` मध्ये आहे, आणि तिथे कालच्या पलीकडचं काहीही नाही.

कोडमध्ये भविष्य कुठे झिरपतंय हे तपासायची एक खात्रीची रीत आहे. डेटा एखाद्या तारखेला, समजा 30 जून 2019 ला, कापा आणि सिग्नल काढा. मग पूर्ण डेटावर काढा आणि त्या तारखेपर्यंतचे सिग्नल ताडून पाहा. एकही दिवस वेगळा आला, तर नियमात उद्याची माहिती शिरली आहे. आपला क्रॉसओव्हर या तपासणीत पास होईल. झिगझॅगवर, म्हणजे चार्टवरची शिखरं आणि तळ जोडणाऱ्या रेषेवर, बेतलेला नियम मात्र हमखास सापडेल, कारण तो शिखर पुढच्या कॅन्डल पाहून मागाहून काढतो. पण एक मर्यादा लक्षात ठेवा: `shift(1)` विसरलात तर ही तपासणी ते पकडणार नाही. तिथे सिग्नल बरोबरच असतो, चुकते ती सौद्याची वेळ.

आता 20 आणि 50 हेच आकडे का? इथून ओव्हरफिटिंग, म्हणजे जुन्या डेटाला आकडे जुळवत बसणं, सुरू होतं. जलद सरासरी 5 ते 30, पाचाच्या टप्प्याने, आणि संथ 40 ते 200, वीसच्या टप्प्याने घेतली की सहा गुणिले नऊ, 54 जोड्या होतात. नियमात काहीच दम नसला तरी, वीसात एकदा नशिबाने चमकेल अशी कसोटी लावली, तर सरासरी दोन-तीन जोड्या छान दिसणारच. शेजारच्या जोड्या एकमेकींसारख्या वागत असल्यामुळे त्या घोळक्याने चमकतात किंवा घोळक्याने पडतात, हे वेगळंच.

म्हणून सर्वात वरचा आकडा उचलू नका, 54 खणांचा तक्ता समोर ठेवा. 15/60 ला 18 टक्के आणि आजूबाजूला 5-6 टक्के असतील, तर ते शिखर बहुधा दोन-चार सौद्यांवर उभं असतं. सौद्यांची यादी काढून सर्वात मोठा सौदा वगळून पाहा, लगेच कळेल. सगळीकडे 9 ते 11 टक्के असतील तर त्या पठाराच्या मधली जोडी घ्या. परतावा कमी दिसेल, पण तो पुढे टिकण्याची शक्यता जास्त.

खर्च निवड करण्याआधीच वजा करा, नंतर नाही. डिलिव्हरीत घेताना 0.1 टक्का आणि विकताना 0.1 टक्का एसटीटी हा करच जातो. एसटीटी, बाकी शुल्कं आणि स्लिपेज, म्हणजे धरलेल्या आणि मिळालेल्या भावातला फरक, असं सगळं मिळून प्रत्येक बाजूला 0.2 टक्के धरले, तर वर्षात तीन फेऱ्यांना 1.2 टक्के जातात आणि वीस फेऱ्यांना आठ. जलद जोड्या तक्त्यात इथेच गळतात.

ही सगळी निवड 2008 ते 2017 च्या डेटावर करायची. 2018 पासून पुढचा डेटा बंद ठेवायचा आणि निवडलेली एक जोडी त्यावर एकदाच चालवायची. मार्च 2020 मध्ये तिने मार खाल्ला म्हणून तुम्ही परत जाऊन 60 चे 40 केलेत, तर तो डेटाही निवडीत वापरला गेला. मग कोरा डेटा उरतो तो फक्त उद्यापासून येणारा: रोज क्लोजनंतर सिग्नल वहीत लिहायचा, दुसऱ्या दिवशीचा ओपन शेजारी मांडायचा. वर्षाला तीन सौदे होणार असतील, तर तीस सौदे जमायला दहा वर्षं लागतील.