टाकीतला सेन्सर मधेच 400 दाखवतो तेव्हा

[टाकीच्या झाकणाखाली सेन्सर, खाली पाण्याची धार]

हा अल्ट्रासोनिक सेन्सर पाण्यापर्यंतचं अंतर मोजतोय, सेकंदाला 10 वेळा. पाणी 80 सेंटीमीटरवर आहे.

[लॅपटॉपवर कच्चा ग्राफ]

रेष 79 ते 81 मधे थरथरतेय, हा साधा नॉइज. आणि हे टोक बघा, थेट 400! पाणी कुठेही गेलेलं नाही, धारेमुळे पाणी खवळलं, प्रतिध्वनी परत आलाच नाही आणि प्रोग्रॅमने रेंजचा शेवटचा आकडा लिहून टाकला.

[त्याच ग्राफवर निळी रेष]

निळी रेष म्हणजे 5 रीडिंगचं मूव्हिंग अॅव्हरेज. एकच खोटं रीडिंग आलं, पण त्याचा पाचवा हिस्सा पुढच्या पाचही उत्तरांत शिरला, म्हणून रेष 144 वर चढून तिथेच सपाट बसलीय आणि मग एकदम खाली.

[लाल रेष]

लाल रेष एक्स्पोनेन्शियल स्मूदिंगची, अल्फा 0.2, म्हणजे दर वेळी रेष नव्या रीडिंगकडे फरकाच्या पाचव्या हिस्स्याएवढीच सरकते. हीसुद्धा 144 लाच गेली, मग 131, 121, 113 अशी रेंगाळत उतरतेय. अल्फा कमी केला तर टोक बुटकं होतं खरं, पण शेपूट लांबते आणि पाणी खरंच हललं की रेष मागे पडते.

[हिरवी रेष, झूम]

आता हिरवी, 5 चा मीडियन. पाच रीडिंग चढत्या क्रमाने लावायची आणि मधलं घ्यायचं, 400 जातं टोकाला, मधे येतंच नाही, त्यामुळे रेष 80 च्या आसपासच राहते. उशीर किती, तर 2 रीडिंग, म्हणजे 0.2 सेकंद, आणि टाकी काही इतक्या झटपट भरत नाही.

[धार जोरात, ग्राफवर सलग तीन टोकं]

पण इथे बघा, सलग 3 खोटी आली आणि मधलं रीडिंगच खोटं झालं, हिरवी रेषही 400 वर! म्हणून आधी कच्चा ग्राफ नीट बघायचा, खोटी रीडिंग सलग जास्तीत जास्त किती येतात ते मोजायचं, त्याची दुप्पट अधिक एक एवढ्या रीडिंगची खिडकी मीडियनला द्यायची. सलग 3 साठी 7, मग उशीर 3 रीडिंगचा.

[कोडची ओळ]

साधी थरथर कमी करण्यात मात्र मीडियन अॅव्हरेजपेक्षा कमी पडतो, ते काम त्याच्या पुढे लावलेल्या स्मूदिंगला द्यायचं, `m` म्हणजे मीडियनचं उत्तर:

```
y += 0.3 * (m - y);
```

`y` ची सुरुवात शून्यापासून नको, पहिल्या मीडियनपासून करायची, नाहीतर रेष खालून चढत बसते. आणि क्रम उलटा अजिबात करू नका, स्मूदिंग आधी लावलं की टोकाचा पसरट डोंगर होतो आणि एवढ्या रुंद डोंगराला मीडियन काही करू शकत नाही.

[पंप, रिले]

पाणी उतरून अंतर 100 च्या पुढे गेलं की पंप सुरू होतो, म्हणजे लाल किंवा निळ्या रेषेवर तो एका खोट्या टोकानेच सुरू झाला असता.