आजचा रॅक: औषधाच्या दुकानातली एक्स्पायरी यादी

सकाळचे साडेनऊ. नाशिकमधल्या एका मेडिकलचं शटर नुकतंच वर गेलंय. गिऱ्हाईक सुरू व्हायच्या आत फार्मासिस्ट आजचा रॅक हातात घेतात. सगळं दुकान एका दिवसात तपासून होत नाही, म्हणून रोज एकच रॅक. फ्रिज मात्र रोज.

कॉम्प्युटरवर पुढच्या तीन महिन्यांत मुदत संपणाऱ्या मालाची यादी निघते. तरी स्ट्रिप हातात घेऊन बघावीच लागते. बिलाची नोंद करताना बॅच नंबर चुकीचा पडला असेल, तर कॉम्प्युटर ती चूकच इमानदारीने दाखवत राहतो.

स्ट्रिपवर १२/२०२५ छापलंय, म्हणजे औषध ३१ डिसेंबरपर्यंत चालतं. आज ऑक्टोबर. मुदत आहे, पण बीपीचे पेशंट तीन महिन्यांच्या गोळ्या एकदम नेतात. त्यांना ही स्ट्रिप कशी द्यायची?

ही बघा, अम्लोडिपिन ५ मिलिग्रॅम. तीन स्ट्रिपा उरल्यात. परत करायच्या, पण कुणाला? एकाच कंपनीचा माल दोन घाऊक एजन्सींकडून येतो. बॅच नंबर टाकला, तर खरेदीची दोन बिलं समोर येतात: मार्चमध्ये एकीकडून दहा स्ट्रिपा, जूनमध्ये दुसरीकडून पाच. बॅच तीच. जूनचा माल आला तेव्हा मार्चच्या दहाही विकून झाल्या होत्या, म्हणून या तिन्ही दुसऱ्या एजन्सीच्या नावाखाली जातात. ज्या बिलाने माल आला, त्याच बिलावर तो परत जातो. बिल जुळलं नाही, तर एजन्सीचा माणूस पिशवी काउंटरवरच ठेवून जातो.

म्हणून यादी औषधांच्या नावाने नाही, एजन्सीच्या नावाने लावतात. प्रत्येकीची वेगळी पिशवी, आत चिठ्ठी: औषध, बॅच, मुदत, नग, बिल नंबर. कुणी मुदतीच्या तीन महिने आधी माल घेतं, कुणी मुदत संपल्यावरच. फुकट नगांच्या स्कीममधला किंवा सवलत आधीच कापलेल्या नेट रेटचा माल बहुतेक वेळा परत जात नाही, आणि कापलेली स्ट्रिप तर कुणीच घेत नाही. गिऱ्हाइकाला चार गोळ्या कापून दिल्या, की उरलेल्या सहा दुकानाच्याच.

परत जायच्या आधीच मुदत संपली, तर तो माल विक्रीच्या रॅकवर ठेवता येत नाही. कायद्याप्रमाणे तो वेगळ्या खोक्यात जातो आणि खोक्यावर ठळक अक्षरांत लिहावं लागतं: 'नॉट फॉर सेल'.

दुपारी एजन्सीचा मुलगा येतो. नग मोजतो, चलनावर सही करतो, पिशवी उचलतो. परत गेलेल्या मालाचे पैसे वळते करणारी क्रेडिट नोट यायला वेळ लागतो. तोवर चलनाची प्रत एजन्सीच्या फाइलमध्ये लागते, आणि पुढचं पेमेंट करताना फार्मासिस्ट आधी ती फाइल उघडतात.