तीन मिनिटांतले दोनशे सत्तर शब्द

(दृश्य: सकाळचा दांडिया बाजार. जिन्यावरून वर जाणारा कॅमेरा. बंद खोली, दारावर गोधडी टांगलेली.)

वडोदऱ्यातल्या या खोलीत मी निवेदनं वाचते. गोधडी प्रतिध्वनीसाठी आहे. शेजारच्या कुकरच्या शिट्टीवर मात्र अजून उपाय सापडलेला नाही.

मागच्या महिन्यात काम आलं सयाजीरावांवरच्या लघुपटाचं. लांबी बरोबर तीन मिनिटं. त्याच्या मागेपुढे दुसऱ्या फिती लागणार होत्या, त्यामुळे एक सेकंदही वाढवून मिळणार नव्हता. संहिता लिहिली, शब्द मोजले: 340. माझा वेग मिनिटाला साधारण 115 शब्द. भागाकार केला, 177 सेकंद आले. खूश झाले.

हा 115 चा आकडा कुठून आला, ते सांगते. मनात वाचून वेळ लावली तर ती नेहमी कमीच भरते, कारण मनाला श्वास घ्यावा लागत नाही. म्हणून त्याच संहितेतले शंभर शब्द माइकसमोर, ऐकवायच्या सुरात वाचायचे आणि घड्याळ लावायचं. मला 52 सेकंद लागले. दुसऱ्या कुणाचा आकडा उसना घेऊन चालत नाही. इंग्रजीचा तर नाहीच, कारण तिथे सुटी राहणारी अव्ययं आपल्याकडे शब्दालाच चिकटतात. ‘राजवाड्यासमोरच्या’ हा मोजताना एकच शब्द.

(दृश्य: संगणकावर संहिता, शेजारी एडिटरची टाइमलाइन.)

संहिता एडिटरकडे गेली आणि त्याचा फोन आला. “काकू, तुम्ही आवाजाला पूर्ण तीन मिनिटं धरलीत का? सुरुवातीचं शीर्षक आठ सेकंद, शेवटची नावं सात, आणि मध्ये सूरसागर तलावाच्या दृश्यावर नुसती सारंगी आहे, पंधरा सेकंद.”

म्हणजे तीस सेकंद गेली. माझ्या वाट्याला उरली 150, आणि त्यात माझ्या वेगाने बसतात 288 शब्द. थोडी मोकळीक ठेवायची म्हणून मी 270 धरले.

तरीही हट्टाने एकदा सगळे 340 रेटून पाहिले. नेमलेल्या वेळेत बसले नाहीतच, पण ऐकताना एक गोष्ट कळली. पहिल्या शंभर शब्दांना 53 सेकंद लागले होते आणि शेवटच्या शंभरांना 44. घड्याळ दिसत असलं की जीभ आपोआप पळते, वाक्याची शेवटची अक्षरं गिळली जातात. संहिता लांबली आहे हे ओळखायला मी आता हीच दोन टोकं ताडून बघते.

(दृश्य: कागदावर पेन्सिलीने अधोरेखित दोन वाक्यं.)

आणि ही दोन वाक्यं बघा. पहिलं: ‘1875 साली जमनाबाईंनी कवळाण्याच्या गोपाळरावांना दत्तक घेतलं.’ दुसरं: ‘तो मुलगा पुढे या शहराचा राजा झाला.’ संगणकाच्या हिशेबी दोन्हींत सात-सात शब्द. पण 1875 वाचायचं ‘अठराशे पंच्याहत्तर’. त्यात नावंही लांबलचक, आणि अनोळखी नाव सावकाश उच्चारावं लागतं. पहिल्याला पाच सेकंद लागतात, दुसऱ्याला जेमतेम तीन. म्हणून संहितेत साल अक्षरांत लिहायचं आणि मगच शब्द मोजायचे. सनावळ्यांनी भरलेला परिच्छेद त्यानंतरही सरासरीत बसत नाही. तो सुटा वाचून त्याचे सेकंद समासात लिहिलेले बरे.

आता सत्तर शब्द काढायचे होते. आधी विशेषणं उडवली. दहा शब्दसुद्धा सुटले नाहीत आणि वाक्यं मात्र बोडकी झाली. मग चित्र लावून वाचायला बसले. लक्ष्मीविलास पॅलेसचे घुमट, कमानी, मनोरा, सगळं पडद्यावर समोर दिसत होतं आणि मी तेच शब्दांत सांगत होते, तब्बल 38 शब्दांत. ते सगळं गेलं. उरलं इतकंच: ‘हा राजवाडा अठराशे नव्वदमध्ये पूर्ण झाला.’ आराखडा कोणी सुरू केला आणि कोणी पुरा केला, तेही वगळलं. जीवावर आलं, पण त्या दृश्याला नऊच सेकंद होती. 1906 साली राज्यभर सक्तीचं आणि मोफत प्राथमिक शिक्षण लागू झालं, त्या वाक्याला मात्र हात लावला नाही. ते कॅमेऱ्याला दाखवता येत नाही, सांगावंच लागतं.

(दृश्य: माइक, हेडफोन. बाहेर शिट्टी. थांबणं. पुन्हा सुरुवात.)

शेवटी 268 शब्द राहिले. रेकॉर्डिंग भरलं दोन मिनिटं चोवीस सेकंद, म्हणजे सहा सेकंद शिल्लक. मी विचारलं, “यात एक वाक्य परत घालू का?”

“नको काकू,” एडिटर म्हणाला, “शाळेच्या वाक्यानंतर जरा थांबू या.”

(दृश्य: जुन्या शाळेचा रिकामा वर्ग. सहा सेकंद. निवेदन नाही.)