एका लेजरमधले तीन व्यवहार

(लहान कंपन्यांचे हिशेब सांभाळणाऱ्यांसमोर दिलेल्या व्याख्यानाचे संपादित रूप)

आजचा विषय पत्रिकेवर छापला आहे, ‘संचालक वा भागीदाराकडून घेतलेले कर्ज : व्याज, करकपात आणि प्रकटन’. प्रकटनावर बोलायला मला शेवटी पाच मिनिटे उरतील, हे आताच कबूल करून टाकतो, कारण आधी एका लेजरबद्दल तक्रार करायची आहे. ते लेजर तुमच्या सगळ्यांच्या टॅलीत आहे. ‘अनसिक्युअर्ड लोन्स’ या गटाखाली साहेबांच्या नावाने उघडलेले एकच खाते. घरात जसा माळा असतो तसे. कुठे ठेवायचे ते कळले नाही की तिथे टाकायचे.

उघडून बघा. मे महिन्यात साहेबांच्या बँक खात्यातून सहा लाख आले, जमा. जूनमध्ये त्यांच्या घरचे ९,४०० रुपयांचे वीजबिल कंपनीच्या खात्यातून भरले, नावे. जुलैत ट्रान्सपोर्टवाल्याला साहेबांनी खिशातून थोडे पैसे दिले, जमा. मुलाची फी, नावे. आणि ३१ मार्चला व्याज, तेही जमा. वर्षाअखेर जी शिल्लक उरते तिला आपण ताळेबंदात ‘संचालकाकडून कर्ज’ म्हणतो. ती शिल्लक कर्जाची नसते. तीन वेगळ्या व्यवहारांची खिचडी असते.

म्हणून माझा आग्रह : तीन लेजर ठेवा. पहिले फक्त मुद्दलाचे; त्यात बँकेतून आलेली आणि बँकेतून परत गेलेली रक्कम सोडून काहीही जायचे नाही. दुसरे देय व्याजाचे, चालू देण्यांखाली. तिसरे चालू खाते, ज्यात साहेबांनी कंपनीसाठी केलेला खर्च आणि कंपनीने त्यांच्यासाठी केलेला खर्च. हे तिसरे दर महिन्याला शून्य करायचे. ते सतत नावे बाजूला राहिले तर कंपनीने संचालकाला पैसे दिले असा अर्थ निघतो. मग कंपनी कायद्याचे कलम १८५ आणि आयकरातला मानीव लाभांश, दोन्ही दार ठोठावतात. एकत्र खात्यात हे दिसतच नाही, कारण सहा लाखांच्या पोटात नऊ हजार चारशे गडप होतात. शिवाय ते वीजबिल कर्जखात्यात नावे पडले की ती कर्जाची परतफेड ठरते, आणि वीस हजार वा त्यावरच्या कर्जाची घेवाण-फेड बँकेमार्फतच हवी, हा २६९ एसएस आणि २६९ टीचा नियम उभा राहतो. दंड त्या रकमेइतकाच असू शकतो.

आता आकडे. वर्ष २०२५-२६ घेतो, म्हणून कलमे १९६१ च्या कायद्याची सांगतो. १ एप्रिल २०२६ पासून २०२५ चा नवा कायदा लागू झाला आणि टीडीएसच्या तरतुदी कलम ३९३ मध्ये गेल्या.

एक प्रायव्हेट लिमिटेड कंपनी. संचालकाने १० मे २०२५ ला सहा लाख दिले, १ सप्टेंबरला आणखी तीन लाख. १५ जानेवारी २०२६ ला कंपनीने दोन लाख परत केले. करारात दर बारा टक्के, सरळव्याज, ३६५ दिवसांवर. पैसे आले तो दिवस धरायचा, गेले तो सोडायचा. सहा लाख ११४ दिवस राहिले, नऊ लाख १३६ दिवस, सात लाख ७६ दिवस. बेरीज ३२६ दिवस, म्हणजे १० मे ते ३१ मार्च बरोबर जुळले. ही बेरीज नेहमी करून पाहा. व्याजाच्या निम्म्या चुका दिवस मोजण्यातच असतात. लाख गुणिले दिवस केले की ६८४, १,२२४ आणि ५३२, एकूण २,४४०. त्याचे बारा टक्के, भागिले ३६५ : व्याज ८०,२१९ रुपये.

एका संचालकाला वर्षभरात दिलेले व्याज दहा हजारांच्या वर गेले की १९४ ए खाली दहा टक्के कापायचे. ही मर्यादा ३१ मार्च २०२५ पर्यंत पाच हजार होती. पॅन नसेल तर वीस टक्के, पण स्वतःच्या संचालकाचा पॅन नसलेली कंपनी असेल तर तिला टीडीएसपेक्षा मोठे प्रश्न आहेत. (हशा.) कपात ८,०२२ रुपये. ३१ मार्चची नोंद अशी :

व्याज खर्च खाते नावे ८०,२१९
संचालक देय व्याज खाते जमा ७२,१९७
टीडीएस देय खाते जमा ८,०२२

व्याज प्रत्यक्ष दिले नाही, नुसते जमा केले, तरी कपात लागतेच. ‘अजून दिले कुठे?’ हे उत्तर चालत नाही. खात्याला ‘सस्पेन्स’ नाव दिले तरीही नाही. देणे किंवा जमा करणे, जे आधी होईल ती तारीख. मार्चअखेर जमा केलेल्या व्याजाचा टीडीएस ३० एप्रिलपर्यंत भरायचा. एरवी पुढच्या महिन्याची ७ तारीख.

खरी गंमत इथे होते. मार्चमध्ये कोणी व्याजाची नोंदच करत नाही. ती होते सप्टेंबरमध्ये, ऑडिटर पेन्सिलने लिहून देतात तेव्हा. तारीख मात्र ३१ मार्च. चलन भरले २० सप्टेंबरला. म्हणजे कपात मार्चमध्ये केली पण पैसे सरकारला दिले नाहीत, असे तुमची वहीच सांगते. दरमहा दीड टक्का व्याज, महिन्याचा एक दिवसही पूर्ण महिना. मार्च ते सप्टेंबर सात महिने, साडेदहा टक्के, ८४२ रुपये. हे सोसेल. पण त्या तिमाहीचे २६ क्यू विवरणपत्र ३१ मेपर्यंत भरलेच नसेल, तर रोज दोनशे रुपये फी. सप्टेंबरपर्यंत ती बावीस हजारांपुढे जाते आणि कायद्याने कापलेल्या कराइतक्या रकमेवर अडवली जाते, म्हणजे ८,०२२. कराइतकीच फी! आणि कंपनीच्या आयकर विवरणपत्राच्या मुदतीपर्यंतही हा कर भरला नाही, तर व्याजखर्चाचे तीस टक्के, २४,०६६ रुपये, त्या वर्षी वजावटीला मिळत नाहीत. उपाय साधा आहे : मार्च संपण्याआधी दिवस मोजा, नोंद करा आणि एप्रिलमध्ये चलन भरा. ऑडिटरची वाट पाहू नका.

दुसरी चूक हळू चढते. ७२,१९७ रुपये कर्जखात्यातच राहू दिले, तर पुढच्या वर्षी सॉफ्टवेअर ७,७२,१९७ वर व्याज काढते. काहीही हालचाल नसेल तर मुद्दलावरचे व्याज ८४,००० असायला हवे, निघते ९२,६६४. करारात सरळव्याज, वहीत चक्रवाढ. ते ८,६६४ संचालकाला जास्त दिले, आणि संबंधित व्यक्तीला दिलेला जादा खर्च म्हणून ४० ए(२) खाली नाकारायला अधिकाऱ्याला आयते कारण मिळाले.

तिसरी गोष्ट संचालकाच्या बाजूची. त्यांच्या हातात ७२,१९७ येतात म्हणून ते विवरणपत्रात तेवढेच दाखवतात. एआयएसमध्ये ८०,२१९ दिसतात. नोटीस त्यांना येते, फोन तुम्हाला.

व्याज नकोच असेल तर? हरकत नाही. बिनव्याजी कर्ज घेता येते आणि व्याज नसेल तर कपातही नाही. पण हे आधी ठरवून बोर्डाच्या ठरावात लिहा. मार्चमध्ये जमा करून जूनमध्ये ‘माफ’ म्हणत उलटी नोंद केली, तरी जमा झाले त्या तारखेची टीडीएसची जबाबदारी पुसली जात नाही.

किती वेळ राहिला? सात मिनिटे. ठीक आहे, प्रकटन.

संचालकाची रक्कम ठेव ठरत नाही, त्याला अटी आहेत. पैसे मिळतात त्या वेळी ती व्यक्ती संचालक हवी. प्रायव्हेट कंपनीत संचालकाचा नातेवाईकही चालतो. आणि त्याने लेखी घोषणा द्यायला हवी की हे पैसे दुसऱ्याकडून उसने घेतलेले नाहीत. घरावर कर्ज काढून ते कंपनीत घातले, तर घोषणा खोटी आणि रक्कम ठेव. घोषणा पैसे येतानाच घ्या, तारखेसकट. नातेवाईक कोण, हे यादीने ठरते : पती-पत्नी, हिंदू अविभक्त कुटुंबाचे सदस्य, आई, वडील, मुलगा, सून, मुलगी, जावई, भाऊ, बहीण. आता वहिनींची भानगड. ऑफिसात तुम्ही साहेबांच्या पत्नीला वहिनी म्हणता, त्या यादीत आहेत. साहेबांची स्वतःची वहिनी नाही. मेहुणा नाही. काका नाहीत. (हशा.) हसा, पण मेहुण्याच्या चार लाखांची ठेव होते, आणि ठेवीचे नियम वेगळेच आहेत.

मग कुठे दाखवायचे? ताळेबंदात ‘संबंधित पक्षांकडून कर्जे’ या ओळीखाली. मागणीनुसार परतफेड असेल तर अल्पकालीन कर्जांत. करार न पाहता सवयीने दीर्घकालीन टाकू नका, कारण बँक चालू गुणोत्तर त्यावरून काढते. टिपांमध्ये संचालक वा नातेवाईकाकडून आलेल्या रकमेचा तपशील. लेखा मानक १८ खाली नाव, नाते, वर्षातील व्यवहार आणि अखेरची शिल्लक. इथे कर्ज, परतफेड आणि व्याज वेगवेगळे लिहायचे, तीन लेजर असतील तर ते आपोआप मिळतात. संचालकांच्या अहवालात तपशील. डीपीटी-३ मध्ये ३१ मार्चची स्थिती, ३० जूनपर्यंत. कर लेखापरीक्षण असेल तर थ्री सीडीच्या कलम ३१ मध्ये कर्ज घेतल्या-फेडल्याचे आकडे. आमच्या उदाहरणात सगळीकडे एकच : घेतले नऊ लाख, फेडले दोन, शिल्लक सात. व्याज मुद्दलाच्या खात्यात घातले असते, तर ७२,१९७ ‘बँकेशिवाय घेतलेले कर्ज’ म्हणून त्या तक्त्यात उगवले असते.

भागीदारी संस्था, दोन मिनिटांत. ठेवीचे नियम नाहीत, डीपीटी-३ नाही. भागीदाराचे कर्ज भांडवल खात्यापासून वेगळे ठेवा. व्याजाची वजावट भागीदारी करारात तरतूद असेल तरच, आणि सरळव्याजाने बारा टक्क्यांपर्यंतच; पंधरा दिले तर वरचे तीन नाकारले जातात. टीडीएस मात्र पूर्ण रकमेवर. पूर्वी भागीदाराच्या व्याजाला १९४ ए लागत नव्हते, म्हणून अनेकांचा हात अजून त्या सवयीने चालतो. १ एप्रिल २०२५ पासून १९४ टी आले : पगार, मोबदला, कमिशन, बोनस आणि व्याज, भांडवलावरचे असो की कर्जावरचे, मिळून वर्षाला वीस हजारांच्या वर गेले की दहा टक्के. भांडवल खात्यात नुसते जमा केले तरीही. नफ्याच्या वाट्यावर कपात नाही. त्यामुळे मार्चअखेर नफा वाटण्याआधी व्याज आणि मोबदल्याची नोंद वेगळी करा. एकाच आकड्यात ‘भागीदाराला दिले’ असे लिहिलेत, तर कशावर कापायचे हे तुम्हालाच सांगता येणार नाही.

घंटा वाजली. प्रश्न चहाच्या वेळी घेऊ. ज्यांच्या खात्यात मेहुण्याचे पैसे आहेत त्यांनी आधी या.