फॉलो-अपच्या मेलमध्ये नवीन काय आहे?

मंडळी, उत्तर न आलेल्या ग्राहकाला पाठवायच्या फॉलो-अप मेलचं एडिटिंग कसं करायचं, हे आज एकाच उदाहरणावर बोलूया, म्हणजे हवेत गप्पा राहणार नाहीत. समजा एक कंपनी आहे, ती सॉफ्टवेअर विकते. सप्लायरचं बिल आलं की ते पर्चेस ऑर्डर आणि माल मिळाल्याची नोंद, म्हणजे जीआरएन, या दोन्हींशी ताडून बघायचं आणि फरक असेल तर बिल होल्डवर टाकायचं, हे काम ते सॉफ्टवेअर करतं. मेल जातायत मोठ्या कारखान्याच्या अकाउंट्स हेडला. पहिला मेल बरा आहे, कोण आहोत, काय करतो, पंधरा मिनिटं बोलता येईल का. उत्तर आलं नाही. मग पुढचे पाच मेल असे:

"मागचा मेल बघितलात का?" "पुन्हा एकदा आठवण करून देतोय." "तुम्ही बिझी असाल हे समजू शकतो, तरी..." "हा मेल वर आणतोय." "तुमची फाईल बंद करू का?"

एडिटिंगला बसताना पहिलं काम हे करा की सगळे मेल एका खाली एक एकाच डॉक्युमेंटमध्ये चिकटवा. सीआरएममध्ये, म्हणजे ग्राहकांच्या नोंदी ठेवायच्या सॉफ्टवेअरमध्ये, एकेक उघडून वाचले तर प्रत्येक मेल ठीकच वाटतो, कारण एकट्या मेलमध्ये रिपीटेशन दिसतच नाही. आता दुसऱ्या मेलपासून सुरू करा आणि जे वाक्य आधी कुठल्याही रूपात येऊन गेलंय ते खोडा. शब्द बदललेत पण म्हणणं तेच आहे, तरी खोडा. आपल्या या उदाहरणात दोन ते सहा नंबरच्या मेलमध्ये काय उरतं? नमस्कार आणि सही. म्हणजे जिला सहा मेलची सीरिज म्हणतोय ती प्रत्यक्षात एकच मेल आहे आणि पाच वेळा दार वाजवणं आहे. समोरच्याने पहिल्यांदा उत्तर का दिलं नाही याचं कारण या पाचांपैकी एकाही मेलने दूर केलेलं नाही, आणि खरं काम तिथेच आहे.

तर प्रश्न हा विचारायचा की हा माणूस गप्प का असेल? विसरला, हे एक कारण झालं, त्याला एक आठवण पुरते. पण बाकीची कारणं बघा. त्याला स्वतःचा प्रॉब्लेम नक्की किती मोठा आहे हेच माहीत नसेल. किंवा पटलंय पण आयटीवाले नाही म्हणतील अशी धास्ती आहे. किंवा हे आपल्यासारख्यांसाठी आहे का हीच शंका आहे. प्रत्येक कारणाला एक मेल, आणि त्या मेलमध्ये फक्त तेवढंच. हा मजकूर मार्केटिंगच्या टेबलावर बसून सुचत नाही बरं का, तो इम्प्लिमेंटेशन टीमकडे आणि सेल्स कॉलच्या नोट्समध्ये पडलेला असतो. ग्राहक दुसऱ्या मीटिंगमध्ये जे प्रश्न विचारतात तेच आपल्या मेलचे विषय.

आता दुसरा मेल नव्याने लिहूया. मी असा लिहीन:

"नमस्कार, आमचं सॉफ्टवेअर न घेताही करता येईल अशी एक गोष्ट सांगतो. मागच्या महिन्यात होल्डवर गेलेली कुठलीही पन्नास बिलं काढा आणि तीन गठ्ठे करा: दरात फरक, मालाच्या संख्येत फरक, आणि माल आला पण जीआरएनच झालेला नाही. तिसरा गठ्ठा सगळ्यात मोठा निघाला तर अडचण अकाउंट्समध्ये नाही, स्टोअरमध्ये नोंद उशिरा होतेय, आणि ती आधी सुटली पाहिजे. पहिला गठ्ठा मोठा असेल तर आमचा उपयोग होऊ शकतो. कुठला मोठा निघाला ते एका ओळीत कळवलंत तरी चालेल."

बघा यात काय झालं. पहिल्या मेलचा उल्लेखसुद्धा नाही, तरी मेल स्वतःच्या पायावर उभा आहे. त्याने आपल्याकडून काही घेतलं नाही तरी हातात एक उपयोगी गोष्ट पडली. आणि मागणी बदलली, पंधरा मिनिटांचा कॉल मागायचा सोडून एका ओळीचं उत्तर मागितलं, जे मोबाईलवरून उभ्या उभ्या देता येतं. कधीकधी लोक घाबरतात की तिसरा गठ्ठा मोठा निघाला तर ग्राहक हातचा गेला. माझं मत उलट आहे, तो ग्राहक आत्ता घेऊन नाराजच झाला असता, कारण जीआरएनच नसेल तर आपलं सॉफ्टवेअर ताडणार कशाशी?

तिसरा मेल आयटीसाठी, पण जातो अकाउंट्स हेडलाच, म्हणून तो फॉरवर्ड करता येईल असा लिहायचा. ईआरपीमधून, म्हणजे त्यांचे हिशेब आणि स्टोअर सांभाळणाऱ्या सॉफ्टवेअरमधून, फक्त वाचायची परवानगी लागते की लिहायचीही, डेटा कुठे राहतो, त्यांच्या टीमचे साधारण किती दिवस जातात. खरी उत्तरं द्या, गोलमोल नको. चौथा मेल मला सगळ्यात आवडतो, कोणासाठी हे नाही ते सांगणारा. बहुतेक बिलं पर्चेस ऑर्डरशिवाय येत असतील, म्हणजे भाडं, वकिलाची फी, वीज, तर ताडायला काही नसतं आणि फायदा थोडा. हे लिहिलं की वाचणारा स्वतःला तपासतो, आणि आपण यात बसतो असं त्याला दिसलं तर तो निर्णय त्याचा असतो.

पाचव्यासाठी नवीन काही सापडलं नाही? मग पाचवा मेल काढून टाका. इथे लोक अडतात, मेल पाठवायच्या टूलमध्ये सहा खाने आहेत म्हणून सहा भरतात आणि मग ब्लॉगची लिंक, अवॉर्डची बातमी, आपलीच केस स्टडी असं काहीही ढकलतात. ते नवीन आहे पण वाचणाऱ्याच्या कुठल्याच प्रश्नाचं उत्तर नाही. आपल्या सीरिजचा शेवटचा मेल फक्त दोन वाक्यांचा ठेवा: यापुढे मी लिहिणार नाही, आणि हे काम दुसरं कोणी बघत असेल तर नाव कळवा. "फाईल बंद करू का" मधली ती टोचणी नको, समोरच्याने काही चूक केलेली नाही.

मेलच्या मधलं अंतर हळूहळू वाढवा, आधी तीन-चार दिवस, मग आठवडा, मग दोन. ज्या मेलमध्ये करून बघायचं काम दिलंय त्याच्यानंतर जरा जास्त थांबा, पन्नास बिलं काढायला वेळ लागतो. विषयाच्या ओळीत खोटं "Re:" लावू नका, फसवलं गेल्याची भावना आली की आतलं सगळं वाया जातं.

एडिटिंग जमलं की नाही हे ओपन रेटवर ठरवू नका. अॅपलच्या मेल अॅपमध्ये २०२१ पासून जी प्रायव्हसी सोय आहे ती चालू असेल तर मेलमधली इमेज माणसाने मेल न उघडताही आधीच लोड होते आणि टूल तेच मेल उघडणं म्हणून मोजतं, आणि कंपन्यांचे सिक्युरिटी स्कॅनर लिंकवर स्वतःच क्लिक करतात. म्हणून "तुम्ही मेल उघडलेला दिसला" हे वाक्य तर कधीच लिहू नका, ते खोटं असू शकतं आणि खरं असलं तरी पाळत ठेवल्यासारखं वाटतं. उत्तरं वाचा, मोजू नका फक्त. "नको, धन्यवाद" च्या जागी "आमच्याकडे दुसरा गठ्ठा मोठा निघाला, त्याचं काय?" असं यायला लागलं की मेल काम करतोय. आणि असं उत्तर आल्या क्षणी सीरिज थांबतेय ना, हे टूलमध्ये टेस्ट मेल पाठवून स्वतः तपासा, कारण बऱ्याचदा तो माणूस दुसऱ्या पत्त्यावरून किंवा त्याचा सहकारी उत्तर देतो, टूलला ते कळत नाही, आणि प्रश्न विचारून बसलेल्या माणसाला दोन दिवसांनी आपोआप तिसरा मेल जातो.