दहाचा तेविसावा घात आणि एक हजार तेवीस

[पडद्यावर: 6.022 × 1023]

एका मोलमध्ये किती कण असतात, हे सांगणारा हा आकडा. पण तो जसा दिसतोय तसाच गुणला, तर बारा ग्रॅम कार्बनमध्ये जेमतेम सहा हजार एकशे साठ अणू निघतील. खरं तर इथे दहाचा तेविसावा घात हवा होता.

मूळ फाइलमध्ये तो होताही. शिक्षकांनी २ आणि ३ हे साधेच अंक टंकले आणि वर्ड प्रोसेसरमधलं बटण दाबून ते लहान करून वर उचलले. हे उचलणं फाइलच्या सजावटीत नोंदलं गेलं, अंकांमध्ये नाही. मजकूर कॉपी होऊन साध्या संदेशात आला तेव्हा सजावट मागे राहिली आणि घातांक पायाशेजारी येऊन बसला.

[पडद्यावर: 6.022 × 10²³]

आता हे पाहा. इथे कुठलीही सजावट नाही. ² आणि ³ ही युनिकोडमधली स्वतंत्र चिन्हं आहेत, त्यामुळे संदेशात, फाइलच्या नावात, कुठेही ती वरच राहतात. वरचे आणि खालचे, दोन्ही प्रकारचे शून्य ते नऊ अंक युनिकोडमध्ये आहेत.

मात्र ते सगळे एका ओळीत बसलेले नाहीत. वरचं शून्य U+2070 वर आहे, चार ते नऊ U+2074 ते U+2079 वर. मधल्या 2072 आणि 2073 या जागा रिकाम्या आहेत. कारण ¹, ² आणि ³ ही तीन चिन्हं १९८७ च्या ISO 8859-1 या जुन्या संचात आधीपासून होती. युनिकोडने तो संच जसाच्या तसा सुरुवातीला घेतला, म्हणून ही तिघं U+00B9, U+00B2 आणि U+00B3 वर राहिली.

याचा परिणाम डोळ्यांना दिसतो. जुन्या फॉन्टमध्ये ही तीनच चिन्हं असतात. 10²³ सुबक उमटतं, पण 10²⁴ मधला चार दुसऱ्या फॉन्टमधून येतो आणि दोनाच्या शेजारी वेगळ्याच उंचीवर बसतो. असं दिसलं तर तुमचं टंकन चुकलेलं नाही, फॉन्ट बदलून पाहा.

[पडद्यावर एकेक चिन्ह उमटतं: SO₄²⁻]

आता सल्फेट आयन लिहू. आधी S आणि O. मग खालचा चार, U+2084. मग प्रभाराचा वरचा दोन, U+00B2. शेवटी वरचं ऋण चिन्ह, U+207B. इथे कीबोर्डवरची साधी आडवी रेघ चालत नाही, ती ओळीच्या मध्यातच राहते. मायक्रोसॉफ्ट वर्डमध्ये 2084 टंकून Alt आणि X दाबलं की ₄ उमटतो. छापील पुस्तकात प्रभार चाराच्या बरोबर डोक्यावर मांडता येतो. साध्या मजकुरात चिन्हं एकामागून एकच येणार.

इतकं करूनही एक धोका उरतो. शोध सोपा व्हावा म्हणून काही प्रणाली मजकुराचं NFKC नावाचं प्रमाणीकरण करतात. त्यात वरचे-खालचे अंक पुन्हा साधे होतात.

```python
import unicodedata
print(unicodedata.normalize("NFKC", "10²³"))
# 1023
```

H₂O चं H2O झालं तरी पाणी ओळखू येतं. पण SO₄²⁻ चं SO42− होतं, म्हणजे वाचणाऱ्याला ऑक्सिजनचे बेचाळीस अणू दिसतात. आणि घातांकाचं तर सरळ संख्येत रूपांतर होतं, चूक झाल्याची कुठलीही खूण न ठेवता. म्हणून मला रेणुसूत्रांपेक्षा घातांकांची काळजी जास्त वाटते.

[पडद्यावर: १०²]

मराठीत लिहिताना आणखी एक अडचण येते. घातांकासाठी देवनागरी अंक युनिकोडमध्ये नाहीत. अक्षराच्या डोक्यावर बसणारे देवनागरी अंक U+A8E0 पासून आहेत, पण ते सामवेदाच्या स्वरांकनासाठी. ते आधीच्या अक्षराच्या वर चढतात, उजवीकडे घातांकाच्या जागी जात नाहीत. त्यामुळे पाया देवनागरी आणि घातांक रोमन, अशी मिसळ होते. माझं मत असं, की अशा वेळी पूर्ण संख्याच 10² अशी लिहावी.

हाच मजकूर माणसानं वाचायचा असेल, तर 10²³ लिहा. तो तक्त्यात, प्रोग्रॅममध्ये किंवा डेटाबेसमध्ये जाणार असेल, तर 6.022e23 लिहा, तिथे वर चढवायला काहीच नसतं, त्यामुळे खाली पडायलाही काही नसतं. आणि कुठे जाणार हे माहीत नसेल, तर 10^23. पाठवल्यावर समोरच्या पडद्यावर 1023 दिसतंय का, एवढं मात्र एकदा विचारून घ्या.